गादीच्या पोटात काय असावे?

लग्नसराईत हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीच्या दुकानांतून गादी बहुधा एकटी विकली जात नाही. पलंग, कपाट आणि गादी असा संच ठरतो आणि त्यात सर्वांत कमी विचार गादीचा होतो. गिऱ्हाईक खोळीचा रंग बघते, दुकानदार जाडी किती इंच आणि वॉरंटी किती वर्षे ते सांगतो. फार झाले तर एक प्रश्न विचारला जातो : कॉयर, फोम की स्प्रिंग? हा प्रश्न चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. गादीकडून आपल्याला दोन वेगळी कामे हवी असतात. पाठीचा कणा रात्रभर सरळ धरणे हे पहिले काम. अंगाची उष्णता आणि घाम निघून जाऊ देणे हे दुसरे, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते पहिल्याइतकेच महत्त्वाचे. पहिले काम गादीचा गाभा करतो आणि त्याच्या खालचा पलंग करतो. दुसरे काम वरचा एक-दोन इंचांचा थर आणि त्यावरचे कापड करते. एकच पदार्थ दोन्ही कामे उत्तम करील, अशी अपेक्षा ठेवली की फसगत होते. म्हणून गाभा वेगळा निवडावा आणि वरचा थर वेगळा. हे मान्य केले, तर हिंगोली जिल्ह्यातल्या बहुतेक घरांसाठी उत्तर पुष्कळ सोपे होते : गाभा रबराइज्ड कॉयरचा, त्यावर चांगल्या फोमचा पातळ थर आणि सर्वांत वर कापसाची पातळ गादी. या उत्तरापर्यंत कसे यायचे आणि ते कोणाला लागू नाही, ते आता पाहू.

सुरुवात पाठीपासून करावी लागेल, कारण तिच्याबद्दलचा एक समज आपल्याकडे फार घट्ट आहे. कंबर दुखू लागली की घरातली मोठी माणसे सांगतात, ‘गादी काढ, जमिनीवर झोप.’ पूर्वी डॉक्टरही गादीखाली फळी घालायला सांगत. या सल्ल्याची नीट परीक्षा स्पेनमध्ये झाली. फ्रान्सिस्को कोवाक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना चिठ्ठ्या टाकून निवडावे तसे दोन गटांत वाटले. एका गटाला कडक गादी दिली, दुसऱ्याला मध्यम कडक. १ म्हणजे सर्वांत कडक आणि १० म्हणजे सर्वांत मऊ अशा युरोपीय मोजपट्टीवर पहिली गादी २.३ वर होती आणि दुसरी ५.६ वर. नव्वद दिवसांनंतर अंथरुणात असताना होणारे दुखणे, सकाळी उठतानाचे दुखणे आणि दिवसभराच्या हालचालीतली अडचण या तिन्ही बाबतींत मध्यम कडक गादीवर झोपणारे पुढे होते. हा अभ्यास २००३ साली ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला. कडक गादीवरच्या लोकांनाही आराम पडला होता, हे विसरू नये; पण तो कमी होता. पुढे २००८ मध्ये डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात कंबरदुखीच्या १६० रुग्णांना पाण्याची गादी, अंगाप्रमाणे दबणारा फोम आणि कडक फुटॉन अशा तीन प्रकारांवर महिनाभर झोपवले. पहिल्या दोन गाद्या थोड्या सरस ठरल्या, पण फरक लहानच होता. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले तर एक गोष्ट ठळकपणे हाती लागते. खूप कडक गादी पाठीला औषध नाही. आणि स्पेनच्या अभ्यासात तुलना कडकपणाची होती, भरण कशाचे आहे याची नव्हती. म्हणजे पाठीपुरता विचार केला, तर कॉयर, फोम आणि स्प्रिंग या तिघांनाही मध्यम कडक करता येते, आणि तिघांनाही बिघडवता येते.

मध्यम म्हणजे नेमके किती, हे दुकानात आकड्यांवरून कळत नाही. ते अंगावरूनच ठरवावे लागते. उताणे झोपलेल्या माणसाच्या कमरेखाली नैसर्गिक पोकळी असते. गादी फार कडक असेल तर पाठीचा वरचा भाग आणि ढुंगण यांवर सगळा भार येतो आणि कंबर अधांतरी राहते. फार मऊ असेल तर शरीराचा सर्वांत जड भाग, म्हणजे ढुंगण, खाली जाते आणि कणा झोळीत पडल्यासारखा वाकतो. कुशीवर झोपणाऱ्याचे गणित आणखी वेगळे. त्याचा खांदा आणि कमरेचे हाड बाहेर आलेले असते. तेवढा भाग गादीत थोडा बुडाला तरच कणा सरळ राहतो. दुकानात गादीवर नुसते बसून दाबून पाहण्याला काही अर्थ नाही. दहा मिनिटे उताणे पडावे आणि कमरेखालून हात सरकवावा. हात सहज आरपार जात असेल तर गादी तुमच्यासाठी कडक आहे; मुळीच शिरत नसेल तर मऊ आहे; थोडा अडत, गादीला आणि पाठीला दोन्हीकडे लागत जात असेल तर ठीक. मग कुशीवर वळावे आणि सोबतच्या माणसाला मागून मानेपासून माकडहाडापर्यंतची रेघ बघायला सांगावे. ही परीक्षा ज्याची त्यानेच करायची असते. पन्नास किलोच्या बाईला जी गादी कडक लागते तीच नव्वद किलोच्या माणसाला मऊ लागते, आणि मुलीच्या संसारासाठी वडिलांनी दाबून पसंत केलेली गादी म्हणूनच पुष्कळदा चुकते.

आता कॉयर. नारळाच्या सोडणाचा काथ्या पिळून, त्याला कुरळेपणा आणून, त्यावर रबराचा चीक फवारतात आणि दाबून, तापवून त्याची तक्ती बनवतात. याला रबराइज्ड कॉयर म्हणतात. धाग्यांमध्ये मोकळी जागा पुष्कळ असते, त्यामुळे हवा आरपार जाते आणि ओल फार काळ धरून राहत नाही. उष्ण हवेत हा त्याचा मोठा गुण. पाठीच्या दृष्टीने पाहिले तर कॉयर वजनाला नीट धरतो, माणूस त्यात बुडत नाही. दोष दोन आहेत. एक म्हणजे चार इंचांची नुसती कॉयर गादी प्लायवूडवर टाकली की ती स्पेनच्या अभ्यासातल्या कडक गादीच्या जवळ जाते, विशेषतः हलक्या अंगाच्या आणि कुशीवर झोपणाऱ्या माणसाला. त्यामुळे तिच्यावर मऊ थर हवाच. दुसरा दोष वयाचा. रोज त्याच जागी भार पडून धागे मोडतात, आणि धागे जोडून ठेवणारे रबर उष्णतेने व हवेने हळूहळू ठिसूळ होते. मग मधोमध खड्डा पडतो, कूस बदलताना करकर आवाज येतो आणि गादी उचलली की पलंगावर तपकिरी भुकटी दिसते. भुकटी दिसली की आतले रबर सुटले, असे समजावे. ती गादी उलटी टाकून फार दिवस चालत नाही. इथे आपली एक चांगली सवय नुकसान करते. कापसाची गादी उन्हात टाकणे योग्यच, पण कॉयर आणि फोम कडक उन्हात तासन्‌तास टाकले तर रबर आणि फोम दोन्ही लवकर खराब होतात. त्यांना सावलीत, वाऱ्यात, भिंतीला टेकवून उभे करावे. मे महिन्यात गच्चीवर दुपारभर वाळत घातलेली कॉयर गादी तिचे आयुष्यच वाळवते.

फोमच्या बाबतीत फसवणुकीला सर्वांत जास्त वाव आहे, म्हणून त्याच्यावर थोडे रेंगाळायला हवे. फोमची डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोमधले वजन. ३२ डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला ३२ किलो. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे; जास्त डेन्सिटीचा मऊ फोम असतो आणि कमी डेन्सिटीचा कडकही असतो. डेन्सिटी सांगते ती टिकण्याची गोष्ट. हलका फोम नवा असताना छान वाटतो आणि वर्षा-दोन वर्षांत दबून पातळ होतो. सुदैवाने ही गोष्ट घरच्या काट्यावर तपासता येते. सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि चार इंच जाड फोमचे आकारमान सुमारे ०.१७ घनमीटर भरते. तो खरोखर ३२ डेन्सिटीचा असेल तर त्याचे वजन साडेपाच किलोच्या आसपास हवे. ४० डेन्सिटीचा असेल तर पावणेसात-सात किलो. तीन-साडेतीन किलोच भरला तर तो अठरा-वीसच्या वर नाही, पावतीवर काहीही लिहिलेले असो. खोळ वेगळी काढून वजन करू दिले नाही तर तेही एक उत्तरच आहे. यातही एक पळवाट आहे : काही फोममध्ये वजन वाढवण्यासाठी खडूची पूड मिसळतात. असा फोम काट्यावर भारी ठरतो, पण कडेला चिमटीत चोळला तर भुसभुशीत लागतो आणि मुठीत दाबून सोडला तर हळू, अर्धवट उठतो. पावतीवर ‘फोम’ एवढेच न लिहिता डेन्सिटी लिहून घ्यावी. शिवाय आत काय काय थर आहेत तेही विचारावे. कारण ‘फोमची गादी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गादीत कधी खाली फोमच्या तुकड्यांचा दाबलेला रीबॉन्डेड थर असतो, तर कधी पॅकिंगला वापरतात तसली ईपीईची तक्ती असते. रीबॉन्डेड थर कडक आणि टिकाऊ असतो, खालच्या आधारासाठी तो वाईट नाही. ईपीई मात्र हवा जाऊ देत नाही आणि दबली की पुन्हा उठत नाही; गादीत तिला जागा नसावी.

मेमरी फोम हा याच घराण्यातला, पण वागण्यात वेगळा. तो उष्णतेने मऊ होतो आणि थंडीत कडक होतो. हाच त्याचा गुण म्हणून सांगितला जातो. युरोपातल्या थंड खोलीत अंगाच्या उबेने तो तेवढ्यापुरता दबतो आणि बाकीचा घट्ट राहतो. आपल्याकडे मे महिन्यात स्लॅबखालची खोली रात्रीही तापलेली असते, म्हणजे सगळाच फोम आधीच मऊ झालेला. माणूस त्यात जास्त बुडतो, अंगाचा जास्त भाग फोमला चिकटतो, तेवढा घाम जास्त अडकतो, आणि ढुंगणही खोल गेल्यामुळे कंबर वाकते. उष्णता आणि पाठ या दोन वेगळ्या गोष्टी इथे एक होतात. यात आणखी एक बारकावा आहे. नांदेडच्या वातानुकूलित शोरूममध्ये ही गादी दाबून पाहिली, तर ती घरी लागेल त्यापेक्षा कडक लागते. ज्यांच्या झोपण्याच्या खोलीत एसी रोज चालतो आणि वीज भरवशाची आहे, त्यांनी मेमरी फोमचा इंचभर थर घ्यायला हरकत नाही. बाकीच्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

स्प्रिंगच्या गादीत दोन जाती. बॉनेल गादीत सगळ्या स्प्रिंगा तारेने एकमेकींना जोडलेल्या असतात. एक दबली की शेजारच्या ओढल्या जातात. म्हणून जड माणसाच्या बाजूला हलके माणूस घसरते आणि एकाने कूस बदलली की दुसरा जागा होतो. पॉकेट स्प्रिंगमध्ये प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत असते आणि स्वतंत्र दबते. खांद्याखाली जास्त आणि कमरेखाली कमी दबणे तिला साधते, म्हणून पाठीच्या दृष्टीने ती या तिघांत सर्वांत समजूतदार. आत पोकळी असल्यामुळे हवाही खेळते. मग सरळ तीच का घेऊ नये? एक कारण किमतीचे. दुसरे असे की, स्प्रिंगवर दोन-तीन इंच फोम घालून वर जाड रजईसारखी खोळ शिवलेली असते, आणि मग आतल्या हवेचा फायदा अंगापर्यंत पोचतच नाही. तिसरे कारण व्यवहाराचे : आठ-दहा इंचांची सहा फुटी गादी घडी होत नाही, अरुंद जिन्यातून वर नेणे अवघड आणि बिघडली तर ती तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्त करणारा मिळणे कठीण. ज्या जोडप्यात दोघांच्या वजनात मोठा फरक आहे, पैसे आहेत आणि पलंग सपाट आहे, त्यांनी पॉकेट स्प्रिंग जरूर बघावी. स्वस्त बॉनेल मात्र कॉयरपेक्षा वाईट. ‘स्प्रिंग’ हा शब्द ऐकून तिच्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

आता हवामान. हिंगोली जिल्ह्याचा उन्हाळा एकच नसतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, पण हवा कोरडी असते. उघड्या अंगावरचा घाम लगेच सुकतो, फक्त गादीला टेकलेली पाठ भिजत राहते. तिथे लागतो घाम शोषून बाजूला पसरवणारा थर. मग घरात कूलर चालू होतो आणि बंद खोलीत तो हवा ओली करतो. खिडकी उघडी नसेल तर अंथरूण दमट राहते. पुढे पावसाळा येतो, हवा मुळातच ओली, गाद्यांना कुबट वास धरतो. ऑक्टोबरचा उकाडा शेवटी. या चारही अवस्थांत जमेल असा वरचा थर आपल्याकडे आधीपासून आहे, तो म्हणजे कापूस. या जिल्ह्यात तो पिकतो. कापूस ओल शोषतो, उन्हात सुकतो आणि दबला की पिंजून पुन्हा फुलवता येतो. ही दुरुस्ती कॉयरला नाही, फोमला नाही, स्प्रिंगला नाही. त्याची उणीव एवढीच की एकटा कापूस लवकर बसतो, गठ्ठे होतात आणि पाठीला असमान आधार मिळतो. म्हणजे गाभा म्हणून तो कमकुवत आहे, वरचा थर म्हणून उत्तम. दीड-दोन इंचांची, नीट टाके घातलेली पातळ कापशी गादी करून घ्यावी, तिला सुती खोळ असावी आणि दर आठवड्याला ती उन्हात पडावी. खालची जड गादी हलवण्याची मग गरज फारशी राहत नाही. बारीक पॉलिस्टरची चकचकीत खोळ दिसायला छान असते, पण घामाला तिच्यात वाट नसते. आणि दुकानातून आलेल्या गादीवरचे प्लास्टिक ‘नवी राहावी’ म्हणून तसेच ठेवले, तर आतापर्यंतचा सगळा विचार वाया गेला.

गादीइतकेच महत्त्व तिच्या खालच्या बैठकीला आहे, पण तिच्याबद्दल थोडक्यात. नवारीची किंवा सुतळीची बाज सैल झालेली असेल तर तिच्यावर कितीही महागडी गादी टाका, ती बाजेचाच आकार घेणार. लोखंडी पलंगाच्या पट्ट्यांत चार बोटांपेक्षा जास्त अंतर असेल तर कॉयर मधे मधे मोडतो. बंद पेटीच्या दिवाणावर अखंड प्लायवूड असते. तिथे खालून हवा लागत नाही आणि पावसाळ्यात गादीच्या बुडाला बुरशी धरते. सुताराकडून त्या प्लायवूडला वीतभर अंतरावर अंगठ्याएवढी भोके पाडून घेतली तर तेवढ्याने काम भागते.

एक उदाहरण सगळे धागे एकत्र करून पाहू. समजा, वसमतला एक जोडपे आहे. नवरा ऐंशी किलोचा, मोंढ्यात हळदीच्या व्यवहारात दिवसभर उभा, उताणा झोपतो. बायको बावन्न किलोची; कुशीवर झोपते. वरच्या मजल्यावरची स्लॅबखालची खोली, कूलर आहे, एसी नाही. सहा बाय पाच फुटांचा पेटीचा पलंग, त्यावर चार इंचांची जुनी कॉयर गादी. सकाळी नवऱ्याची कंबर धरते, बायकोचा खांदा दुखतो. आधी गादी तपासायची. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सुतळी ताणून धरली आणि खाली सर्वांत खोल जागी पट्टी उभी केली. नवऱ्याच्या बाजूला खड्डा इंचाहून जास्त निघाला, बायकोच्या बाजूला जवळपास नाही. म्हणजे एकाच गादीवर दोन वेगळे आजार आहेत : त्याच्यासाठी ती बसलेली, तिच्यासाठी ती कडक. विकत घेण्याआधी एक फुकटचा प्रयोग करता येतो. तिच्या बाजूला एक-दोन वाकळी घडी करून पंधरा दिवस झोपायचे. खांद्याचे दुखणे कमी झाले तर तिला वर मऊ थर हवा हे सिद्ध होते. त्याच्या बाजूचा खड्डा वाकळीने भरून तात्पुरते बघता येते. त्यात कंबर सुधारली तर दोष खड्ड्याचा होता. दोन्ही उत्तरे मिळाली की खरेदी. एकच सहा बाय पाचची गादी पुन्हा घेण्याऐवजी सहा बाय अडीच फुटांच्या दोन कॉयर गाद्या शेजारी शेजारी घ्याव्यात. त्याच्या गादीवर चाळीस डेन्सिटीचा एक इंच फोम, तिच्या गादीवर दोन इंच. या मापात एका इंचाच्या चाळीस डेन्सिटी फोमचे वजन साधारण एक किलो चारशे ग्रॅम भरायला हवे, म्हणजे दुकानातच काट्यावर खात्री करून घेता येते. दोन्हींवर मिळून एकच कापशी गादी टाकली की मधली फट लागत नाही. दर तीन महिन्यांनी प्रत्येक गादीचे डोक्याकडचे टोक पायाकडे करायचे, म्हणजे खड्डा पडायला उशीर लागतो. आणि पाच-सहा वर्षांनी त्याची गादी बसली तर तेवढीच बदलायची. तिची चालू राहते.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा की इतका खटाटोप करण्यापेक्षा ‘ऑर्थोपेडिक’ गादी घ्यावी. पण हा शब्द खोळीवर छापायला कोणत्याही डॉक्टरची सही लागत नाही. अनेकदा त्याचा अर्थ ‘आमच्याकडची सर्वांत कडक गादी’ एवढाच असतो, आणि कडक म्हणजे पाठीला चांगले नव्हे हे वर आलेच आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : आपल्या आजी-आजोबांनी आयुष्य सतरंजीवर आणि वाकळीवर काढले, त्यांची पाठ कुठे दुखली? दुखत नव्हती असे मानायला आधार नाही. दुखणे सांगायची पद्धत नव्हती, एवढे म्हणता येईल. तरीही यात तथ्याचा एक भाग आहे. ज्याला जमिनीवर शांत झोप लागते आणि सकाळी अंग मोकळे असते, त्याने केवळ कुठे काही छापून आले म्हणून गादी बदलू नये. वरचे दोन्ही अभ्यास कंबर दुखणाऱ्यांवर झालेले आहेत, निरोगी माणसांवर नाहीत. तिसरा आक्षेप : दहा वर्षांची वॉरंटी असलेली गादी घेतली की चिंता नको. वॉरंटीचा कागद वाचावा. त्यात किती खोल खड्डा पडला म्हणजे दोष मानायचा ते लिहिलेले असते, डाग पडलेला चालत नाही असेही असते, आणि ती गादी मऊ लागते किंवा गरम होते ही तक्रार बहुधा कशातच बसत नाही. वॉरंटी गादी बनवण्यातल्या दोषाची असते, तुमच्या पाठीची नसते.

गादीकडून किती अपेक्षा ठेवायची याचीही एक हद्द आहे. सकाळी उठताना दुखते आणि तासाभराच्या हालचालीनंतर कमी होते, दुसऱ्या घरी झोपल्यावर बरे वाटते, अशा दुखण्यात गादीचा वाटा असण्याची शक्यता बरीच. पण दुखणे दिवसभर वाढत जाते, पायात उतरते, पायाला मुंग्या किंवा कमजोरी येते, सोबत ताप आहे किंवा वजन घटते आहे, तर गादी बदलत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. लघवी-संडासवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

ज्यांच्या खोलीत एसी नाही आणि खर्चाला मर्यादा आहे, त्यांनी चार इंच रबराइज्ड कॉयर, अंगाच्या वजनाप्रमाणे एक किंवा दोन इंच चाळीस डेन्सिटीचा फोम आणि वर दीड इंच कापूस घ्यावा. ज्यांना परवडते आणि दोघांच्या वजनात मोठी तफावत आहे, त्यांनी वर पातळ थर असलेली पॉकेट स्प्रिंग घ्यावी, आणि कापूस तिच्यावरही घालावा. जाड मेमरी फोम आणि स्वस्त बॉनेल या दोन गोष्टी आपल्या उन्हाळ्यात घेण्यासारख्या नाहीत. आणि खरेदीला जाताना काटा मागायला लाजू नका.